डबलसीट आणि वर तांदळाचं पोतं: स्कूटरच्या टायरमध्ये हवा किती?

पेट्रोल पंपावर हवेच्या मशीनपाशी स्कूटर लावली, की भरणारा विचारतो, "किती टाकू?" आणि आपण हमखास म्हणतो, "पुढे-मागे तीस टाक." काहीजण पस्तीस म्हणतात, काहीजण "तुझ्या हिशोबाने टाक" म्हणून मोकळे होतात. एकट्याने ऑफिसला जाताना हे खपून जातं. पण मागे डबलसीट आणि पायाशी पंचवीस किलो सामान घेऊन घाट उतरायचा असतो, तेव्हा हे तीस पुढच्या चाकाला जास्त होतात आणि मागच्याला कमी पडतात. एकाच आकड्यात दोन चुका.

हिशोब नीट समजावा म्हणून एकच गाडी आणि एकच फेरी घेतो. गाडी अ‍ॅक्टिव्हा, कारण ती घराघरात आहे आणि माझ्याही घरात आहे. फेरी भोर ते पुणे, सुमारे पन्नास किलोमीटर. सासुरवाडीहून येताना मी, बायको, वीस किलो तांदूळ आणि डिकीत पाचेक किलोचा किरकोळ माल. तुमची गाडी वेगळी असेल तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

पहिलं काम: स्टिकर शोधा

प्रत्येक स्कूटरवर हवेचा स्टिकर असतो, बहुधा सीट उचलल्यावर किंवा त्याच्या आसपास. धुऊन-पुसून तो गेला असेल तर गाडीसोबत मिळालेल्या पुस्तकात तेच कोष्टक आहे. अ‍ॅक्टिव्हाचे आकडे असे: एकटा चालक असेल तर पुढे २२ आणि मागे २९ पीएसआय, डबलसीट असेल तर पुढे २२ आणि मागे ३६. काही स्टिकरवर हेच किलोपास्कलमध्ये असतं. तिथे १५० म्हणजे २२, २०० म्हणजे २९ आणि २५० म्हणजे ३६. जुन्या पंपांवरच्या काट्यावर १.५, २, २.५ असे आकडे दिसतात, तेही हेच.

या कोष्टकात एक गोष्ट डोळ्यात भरते. माणूस वाढला तरी पुढचा आकडा हलत नाही, आणि मागचा मात्र एकदम सातने वाढतो. छपाईची चूक वाटावी असा हा फरक आहे, पण त्यामागचं कारण कळलं की सामान कुठे ठेवायचं तेही आपोआप कळतं.

टायरच्या अंगावरही एक आकडा कोरलेला असतो: जास्तीत जास्त किती वजन आणि त्यासाठी थंड टायरमध्ये किती हवा. पुष्कळ लोक तोच भरायचा आकडा समजतात. ती टायरची सीमा आहे. तोच टायर दुसऱ्या कुठल्या गाडीवरही बसत असेल, त्यामुळे तुमच्या गाडीचं वजन, शॉक अ‍ॅब्सॉर्बर आणि ब्रेक लक्षात घेऊन दिलेला आकडा फक्त स्टिकरवर मिळतो. भरायचा तो स्टिकरचा, ओलांडायचा नाही तो टायरचा.

दुसरं काम: मागच्या चाकावर किती येतंय ते काढा

स्कूटरचं इंजिन मागच्या चाकालाच चिकटलेलं असतं, म्हणून रिकामी गाडीसुद्धा मागे जड असते. अ‍ॅक्टिव्हाचं वजन पेट्रोलसकट सुमारे १०७ किलो. त्यातले साधारण ४३ पुढच्या चाकावर आणि ६४ मागच्या चाकावर धरू. चालक ७० किलोचा असेल तर त्याचे वीसेक किलो पुढे जातात आणि पन्नास मागे. म्हणजे एकटा असताना पुढे ६३ आणि मागे ११४.

आता बायको मागे बसली. ती जवळजवळ मागच्या चाकाच्या डोक्यावरच बसते, त्यामुळे तिच्या ६० किलोंपैकी ५७ थेट मागच्या टायरवर. पुढे जेमतेम तीन. डिकीतल्या पाच किलोंपैकी चार मागे, एक पुढे. तांदळाची पिशवी फुटबोर्डवर ठेवली तर तिचे बारा किलो पुढे आणि आठ मागे. बेरीज करा: पुढे ७९, मागे १८३.

मागचं वजन ११४ वरून १८३ झालं, म्हणजे साठ टक्क्यांनी वाढलं. पुढचं ६३ वरून ७९. शिवाय त्यातले बारा किलो केवळ आपण पोतं पायाशी ठेवलं म्हणून आले. नुसतं माणूस बसवलं असतं तर पुढे तीनच किलो वाढले असते. तीन किलोंसाठी हवा काय वाढवायची? म्हणून स्टिकरवर पुढचे २२ तसेच राहतात.

हे आकडे अंदाजाचे आहेत आणि सीटवर आपण किती पुढे सरकून बसतो यावर ते दोन-चार किलोंनी हलतात. खात्री हवी असेल तर सोपा उपाय आहे. धान्याच्या दुकानात किंवा भंगारवाल्याकडे जमिनीवरचा सपाट वजनकाटा असतो. त्यावर फक्त मागचं चाक चढवा आणि पुढच्या चाकाखाली काट्याएवढ्या उंचीची फळी ठेवा, म्हणजे गाडी कलणार नाही. दोघं बसा, सामान जागेवर ठेवा आणि कोणाला तरी हँडल धरायला सांगून आकडा वाचा. दुकानदार हसेल, पण पाच मिनिटांत काम होतं.

तिसरं काम: टायरची ताकद वाचा

अ‍ॅक्टिव्हाच्या मागच्या टायरवर ९०/१००-१० आणि त्यालाच लागून ५३जे असं लिहिलेलं असतं. यातला ५३ हा वजनाचा सांकेतिक आकडा आहे आणि त्याचा अर्थ २०६ किलो. ५० असेल तर १९० किलो, ५४ असेल तर २१२. शेवटचं अक्षर वेगाचं, जे म्हणजे ताशी १०० किलोमीटर. टायर बदलताना पंक्चरवाल्याने "हाच बसतो" म्हणून दुसरा साइज घातला असेल, तर आधी हा आकडा पाहा. मूळ टायरपेक्षा तो कमी असेल तर डबलसीट आणि सामानासाठी ते चाक कमकुवत आहे, हवा कितीही अचूक भरली तरी.

आपल्या फेरीत मागे १८३ आणि टायरची सीमा २०६. बसतंय, पण फार मोकळी जागा उरलेली नाही.

आता तीच पिशवी पायाशी न ठेवता मागच्या कॅरियरवर बांधली असं समजा. कॅरियर मागच्या चाकाच्या आसापासून साधारण वीतभर मागे लोंबतो, २५ सेंटीमीटर धरू. तराजूसारखंच होतं: वीस किलो मागे बांधले की मागच्या चाकावर चोवीस येतात, आणि वरचे चार किलो पुढच्या चाकावरून उचलले जातात. मग मागे होतात १९९ आणि पुढे ६३. एकूण वजन तेवढंच, पण मागचा टायर सीमेला टेकला. आणि पुढच्या चाकावर, गाडी ८५ किलोंनी जड असूनही, एकटा असतानाचंच वजन राहिलं. पहिल्या वर्षी मी हेच केलं होतं. महामार्गावर ट्रक शेजारून गेला की हँडल हातात हलकं व्हायचं, गाडी जणू स्वतःच्या मर्जीने डोलायची. मी तेव्हा पुढच्या चाकात हवा कमी असेल म्हणून आणखी भरली. व्हायचं तेच झालं, आणखी बिघडलं.

हवेचा आकडा ठरवण्याआधी म्हणून सामानाची जागा ठरवायची. जड वस्तू पायाशी, आडवी, हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळेल आणि पाय टेकायला जागा राहील अशी. मध्यम वजनाचं डिकीत, तिथल्या मर्यादेइतकंच. मागे कॅरियरवर काही ठेवायचंच असेल तर कपड्यांसारखं हलकं.

स्टिकरपेक्षा जास्त भरावी का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. डबलसीटला ३६, मग वर पंचवीस किलो आहेत तर ४० टाकू का?

टायरमध्ये वजन उचलते ती हवा, रबर नाही. टायर जमिनीला टेकतो तो ठसा साधारण वजन भागिले दाब इतका असतो. एकटा असताना ११४ किलो आणि २९ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे दोन किलो. ठसा ५६ चौरस सेंटीमीटर, तळहाताच्या आत मावेल एवढा. आपल्या फेरीत १८३ किलोंना ३६ पीएसआय असेल तर ठसा ७२ होतो. थोडा मोठा, पण ठीक. मात्र २९ तसेच ठेवले तर ठसा ९० वर जातो. म्हणजे टायर तितका चपटा झाला, त्याची बाजूची भिंत तितकी वाकली. दहा इंची चाक दर किलोमीटरला सुमारे ७३५ फेऱ्या घेतं, आणि प्रत्येक फेरीत ती भिंत एकदा वाकते आणि सरळ होते. या वाकण्यातून उष्णता तयार होते. लहान चाकाच्या फेऱ्या मोठ्या चाकापेक्षा जास्त, म्हणून स्कूटरला कमी हवेची शिक्षा मोटारसायकलपेक्षा लवकर मिळते.

तर ३६ वरून वर जायचं का? माझं उत्तर: टायरच्या अंगावर ३६ पेक्षा मोठा आकडा कोरलेला असेल, मागचं वजन खरोखर सीमेजवळ असेल आणि रस्ता चांगला असेल, तर एखाद-दोन पीएसआय चालतील. त्यापुढे नाही. जास्त हवेने टायरची ताकद २०६ ची २३० होत नाही, ती तिथेच राहते. उलट ठसा लहान होतो, प्रत्येक खड्ड्याला मागचं चाक उडतं आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लावला की घसरतं. ३६ भरूनही मागचं चाक दबलेलं दिसत असेल, तर मशीनपाशी उभं राहून उपयोग नाही. सामान पुढे सरकवायचं किंवा कमी करायचं. आमच्याकडे पुढच्या वेळेपासून अर्धा तांदूळ एसटीने येतो.

पुढच्या चाकाला आपल्या फेरीत ६३ चे ७९ झाले, म्हणून तिथे मी २२ ऐवजी २४ ठेवतो. पायाशी काही नसेल तर २२ च. पंपावर पुढे तीस-पस्तीस भरून घेणं ही खरी वाईट सवय आहे. ब्रेक दाबल्यावर वजन पुढे झेपावतं आणि थांबवण्याचं बरंचसं काम पुढचाच टायर करतो. त्याचा ठसाच लहान करून ठेवला, तर पहिल्या पावसात चौकातल्या पांढऱ्या पट्ट्यावर किंमत कळते.

हवा कधी आणि कशी भरायची

स्टिकरवरचे सगळे आकडे थंड टायरचे आहेत. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी, किंवा त्यानंतर एक-दीड किलोमीटरच्या आत चाललेली. पंप दूर असेल तर एक युक्ती करा. घरीच साध्या गेजने मोजून कमी किती आहे ते टिपून ठेवा. समजा घरी थंड टायर २८ दाखवतोय आणि हवे आहेत ३६, म्हणजे कमी पडतात ८. पंपापर्यंत जाता जाता तोच टायर ३० दाखवू लागला, तर तिथे ३८ पर्यंत भरा. टायर थंड झाला की तो ३६ वर येतो.

गाडी मधल्या स्टँडवर लावा. मागचा व्हॉल्व्ह खाली असेल तर नळी धड बसत नाही, म्हणून चाक फिरवून तो हाताला येईल असा आणा. काही गाड्यांत सायलेन्सर आणि चाक यांच्यामध्ये बोटं कशीबशी जातात, आणि सायलेन्सर तापलेला असेल तर भरणारा घाईत नळी तिरकी लावतो. फुस्स आवाज येत राहतो, मशीन आकडा दाखवतं तो खोटा. आवाज थांबेपर्यंत नळी सरळ दाबायला सांगा. आकडे ठरवून द्यायच्या मशीनवर मागच्या चाकाला ३६ लावायला सांगा आणि पुढच्या चाकाकडे जाताना ते २२ किंवा २४ वर आणायला लावा. ही एवढी गोष्ट तोंडाने सांगितली नाही तर दोन्ही चाकांत एकच आकडा जातो.

भरून झाल्यावर स्वतःच्या गेजने एकदा मोजा. पंपाच्या मशीनमध्ये आणि तुमच्या गेजमध्ये दोन-तीनचा फरक निघतो. दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी हा फरक सारखाच निघाला तर चूक बहुधा गेजची, तेवढा फरक धरूनच ते वाचा. फरक ठिकाणागणिक बदलत असेल तर गेजवर विश्वास ठेवा, आणि पुढेही तेच एक गेज वापरत राहा. व्हॉल्व्हवर थुंकीचं बोट लावून बुडबुडा येतोय का ते पाहा आणि टोपी लावा. टोपी हरवलेली असेल तर दहा रुपयांत मिळते. ती धूळ अडवते, आणि व्हॉल्व्हची पिन अडकून हवा झिरपण्याचं मूळ बहुतेकदा धूळच असते.

हवामानाचाही हात असतो. दहा अंश तापमान उतरलं की ३६ चा टायर सुमारे दीड पीएसआयने उतरतो. दुपारी ३८ अंशांच्या उन्हात भरून ठेवली आणि पहाटे वीस अंशांत निघालात, तर ३६ चे ३३ झालेले असतात. टायर कुठेही फुटलेला नाही, गळतही नाही. म्हणून जड फेरीच्या दिवशी हवा निघण्याच्या सकाळीच भरायची.

वाटेत कसं ओळखायचं

पहिले दोन किलोमीटर हळू चालवा आणि गाडीचं ऐका. मागचा टायर कमी हवेचा असेल तर वळणावर पाठीमागचा भाग उशिरा वळल्यासारखा वाटतो, सरळ रस्त्यावर शेपूट हलवल्यासारखी गाडी पोहते. खड्ड्यात रिमवर ठक् असा कोरडा आवाज आला, तर हवा कमी आहे किंवा वजन जास्त. ट्यूबलेस टायरमध्ये अशा एका ठोक्याने रिमची कड वाकते आणि मग दोन दिवसांत हळूहळू हवा उतरत राहते. पंक्चर शोधून सापडत नाही, कारण भोक टायरला नसतंच.

दहा-पंधरा किलोमीटरनंतर चहाला थांबा आणि गरम टायर मोजा. ३६ चे ३८ ते ४० झाले असतील तर सगळं ठीक आहे. ही वाढ अपेक्षितच आहे, म्हणून वाढली म्हणून हवा सोडू नका. सोडलीत तर थंड झाल्यावर टायर कमी हवेचा उरतो. पण आकडा ४२-४३ च्या वर गेला असेल, किंवा टायरच्या बाजूला हात ठेववत नसेल, तर टायर जास्त वाकतोय. निघताना हवा कमी पडलेली असते किंवा वजन जास्त झालेलं असतं. अशा वेळी ताशी चाळीसच्या आत चालवा आणि सामान हलकं करायची सोय पाहा. हात लावताना मात्र ब्रेकच्या ड्रमला आणि सायलेन्सरला लावू नका. घाट उतरून आलेला ड्रम टायरपेक्षा कितीतरी गरम असतो.

एका गोष्टीत हवेचा काही दोष नसतो. डबलसीट बसल्यावर हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडू लागला आणि समोरचा माणूस शिव्या देऊ लागला, तर मागचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर दबलेला आहे. बऱ्याच नव्या स्कूटरना, अ‍ॅक्टिव्हा ६जीलाही, तो तीन टप्प्यांत कडक करता येतो. मेकॅनिककडून एक टप्पा वाढवून घ्या. त्याची भरपाई हवेने करायला गेलात तर टायर कडक आणि शॉक तसाच मऊ, अशी गाडी उसळत राहते.

घरी आल्यावर

पोतं उतरलं, बायको उतरली. सोमवारी ऑफिसला एकट्याने जायचंय आणि मागे ३६ आहेत. रिकाम्या गाडीला ते जास्त होतात: स्पीडब्रेकरवर पाठ दणकते आणि महिन्याभरात टायर मधोमध झिजायला लागतो. सकाळी थंड टायरवर गेज लावायचं, काडेपेटीच्या काडीने व्हॉल्व्हची पिन दोन-दोन सेकंद दाबत हवा सोडायची आणि २९ वर थांबायचं. पुढच्याचे २४ असतील तर २२.

रोजच मुलीला शाळेत सोडणं आणि परत एकट्याने येणं असा मिश्र वापर असेल, तर सकाळ-संध्याकाळ हवा कमी-जास्त कोण करत बसणार? मुलगी दुसरी-तिसरीतली, वीस-बावीस किलोंची असेल तर मी मागे ३१ ठेवेन. रोज मोठं माणूस मागे बसत असेल तर सरळ ३६. एकट्याने येताना थोडे दणके बसतात ते बसू द्यावेत. भरल्या गाडीला कमी हवा असण्यापेक्षा ते परवडतं.